पहिल्या दहा किलोमीटरसाठी ठेक्याची गाणी

पहिली दहा किलोमीटरची शर्यत जवळ आली की बहुतेक जण प्लेलिस्ट बनवतात, आणि बहुतेकांची प्लेलिस्ट आवडीच्या गाण्यांची असते. अंगात जोश आणणारी, शब्द तोंडपाठ असलेली गाणी एकामागोमाग एक लावलेली असतात. त्यात एक गाणं पावलांपेक्षा जलद, दुसरं संथ, तिसऱ्यात मध्येच ढोलकी थांबून आलाप सुरू होतो. पाय प्रत्येक गाण्यामागे थोडे थोडे ओढले जातात आणि सहाव्या किलोमीटरला पोटऱ्या भरून येतात. दमायचं नव्हतं तिथे आपण का दमलो, हे कळतच नाही.

इथे एकच काम करायचं आहे. आधी स्वतःच्या पावलांची गती मोजायची आणि मग त्या गतीची गाणी निवडायची. क्रम उलटा झाला की गडबड होते.

आधी पावलं मोजा

एका मिनिटात दोन्ही पायांची मिळून जितकी पावलं पडतात, त्याला धावणारे कॅडन्स म्हणतात. नव्याने धावणाऱ्यांचा कॅडन्स बहुधा १५० ते १७० च्या दरम्यान असतो. तुम्ही कदाचित १८० हा आकडा ऐकला असेल. तो जॅक डॅनियल्स या अमेरिकन प्रशिक्षकाच्या निरीक्षणातून आला. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा जवळजवळ सगळे १८० किंवा त्याहून जास्त गतीने पावलं टाकत होते. पण ते जगातले सर्वात वेगवान धावपटू होते आणि शर्यतीच्या वेगात होते. सात-साडेसात मिनिटांत एक किलोमीटर धावणाऱ्याने १८० ची गाणी लावली तर पावलं नुसती तुडतुडत राहतात आणि दम आधी संपतो. तो आकडा बाजूला ठेवा.

मोजायची पद्धत सोपी आहे. सपाट रस्त्यावर पंधरा मिनिटं धावून अंग गरम झालं की फक्त उजवा पाय किती वेळा जमिनीला लागतो ते ३० सेकंद मोजा आणि त्याला ४ ने गुणा. एकदा मोजून थांबू नका. त्याच धावण्यात पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीन वेळा मोजा, कारण मोजतोय हे लक्षात आलं की पहिल्या वेळी पाय हमखास जलद पडतात. कानात काहीही लावू नका. घड्याळ हा आकडा दाखवत असेल तरी एकदा हाताने पडताळा. काही घड्याळं आणि ॲप एकाच पायाची पावलं मोजतात आणि १६० च्या जागी ८० दाखवतात.

माझी धाकटी बहीण गेल्या वर्षी पहिल्यांदा दहा किलोमीटर धावली, तेव्हा तिची गाणी आम्ही दोघींनी मिळून जमवली. तिची तीन मोजणी आली ३९, ४० आणि ३९, म्हणजे मिनिटाला १५६ ते १६०. आरामात धावताना ती किलोमीटरला साडेसात मिनिटं घेत होती आणि शर्यतीत ७ मिनिटं २० सेकंदांनी धावायचं, असं तिने ठरवलं होतं. वेग किंचितच वाढणार होता, म्हणून आम्ही शर्यतीसाठी १६० हा आकडा धरला. पुढचं सगळं उदाहरण तिचंच आहे. तुमचा आकडा वेगळा असेल, हिशेब तसाच राहील.

गाण्याचा ठेका पावलाशी कसा जुळतो

गाण्याची गती बीपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती ठोके यात मोजतात. तुम्हाला १६० पावलं हवी असतील तर १६० बीपीएमचं गाणं चालेल आणि ८० बीपीएमचंही चालेल, कारण तिथे एका ठोक्यात दोन पावलं पडतात. खरं तर मला ८० च्या आसपासची गाणी जास्त आवडतात. १६० च्या गाण्यात वाद्यांची इतकी धांदल असते की सलग तासभर ऐकवत नाही. ८० च्या गाण्यात उजवं पाऊल मुख्य ठोक्यावर पडतं, डावं दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये पडतं, आणि मन शांत राहतं.

मोजणारी ॲप आणि संकेतस्थळं इथेच फसवतात. एकाच गाण्याला एक ॲप ८२ म्हणेल, दुसरं १६४. दोन्ही बरोबर असतात. पण कधी १०९ सारखा भलताच आकडा येतो आणि गाणं ऐकावं तर पाय मजेत १६४ ने पडतात. आकडा दोन तृतीयांश किंवा दीडपट निघाला, तर यंत्राने तीन-तीन मात्रांचे गट धरले आहेत, असं समजा. म्हणून आकड्यावर भरवसा न ठेवता स्वतः मोजा. गाणं लावा, जागच्या जागी हलकं धावा आणि पूर्ण एक मिनिट उजव्या पायाचे ठोके मोजून दुप्पट करा. पंधरा सेकंद दोन्ही पायांचे ठोके मोजून चारने गुणू नका, कारण तिथे एका ठोक्याची चूक झाली तरी आकडा चारने बदलतो. चारचा फरक म्हणजे दर पंधरा सेकंदांनी तुम्ही गाण्याच्या एक ठोका मागे किंवा पुढे जाणार. दोन टक्क्यांपर्यंतचा फरक पाय आपसूक भरून काढतात, असा माझा अनुभव आहे. १६० वर तो साधारण तीन ठोके होतो.

आपल्या गाण्यांच्या बाबतीत तालाकडेही लक्ष द्यावं लागतं, आणि याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. पायांना दोनच्या पटीत मोजता येतं. उजवा, डावा, उजवा, डावा. केरव्यात आठ मात्रा असतात, त्यामुळे प्रत्येक मात्रेवर पाऊल टाका किंवा एकाआड एक टाका, सम कायम एकाच पायावर येते. केरव्याची गाणी धावायला सर्वात सोपी आहेत, आणि आपल्याकडची निम्म्याहून अधिक चालती गाणी याच तालात आहेत.

दादऱ्यात सहा मात्रा असतात, धा धी ना, धा ती ना. या तालाचं जलद गाणं ऐकताना पाय थिरकतात, म्हणून नवखे हमखास तेच निवडतात. पण धा मिनिटाला ८० वेळा येत असेल, तर १६० पावलांसाठी तीन मात्रांत दोन पावलं बसवावी लागतात. पहिलं पाऊल धा वर पडतं आणि दुसरं धी आणि ना यांच्या मधल्या रिकाम्या जागेत. दोन मिनिटांत पाय गोंधळतात आणि आपण ठेका सोडून देतो. दादरा दोनच प्रकारे चालतो. एक तर इतका जलद की धा स्वतःच मिनिटाला १६० वेळा येतो, पण अशी गाणी फार थोडी. नाहीतर इतका संथ की प्रत्येक मात्रेवर पाऊल पडतं. त्यात एक धा उजव्या पायावर येतो आणि पुढचा डाव्या. काहींना ती लय झोपाळ्यासारखी वाटते आणि आवडते, माझ्या बहिणीला मात्र ती नको झाली. रूपकाच्या सात मात्रा आहेत, विषम, आणि तिथे ३-२-२ असे असमान भाग पडतात. ती गाणी धावून झाल्यावर ऐका.

कोणती गाणी गाळायची

जुळणारा आकडा मिळाला म्हणजे गाणं पास झालं, असं नाही. ते तीन जागी मोजा. सुरुवातीच्या मुखड्यानंतर, मधल्या अंतऱ्यात आणि शेवटच्या मिनिटात. तालयंत्रावर किंवा क्लिकवर ध्वनिमुद्रित केलेली अलीकडची गाणी तिन्ही जागी जवळपास तोच आकडा देतात. सगळे वादक एकत्र बसून वाजवत असत त्या काळची गाणी, आणि मंचावर ध्वनिमुद्रित केलेली गाणी शेवटाकडे हळूहळू चढतात. ऐकायला तीच त्यांची मजा असते. पण सुरुवातीला १५८ आणि शेवटी १६८ असलेलं गाणं आठव्या किलोमीटरला तुम्हाला नकळत पळवेल.

सुरुवातही तपासा. पहिली चाळीस सेकंद नुसती बासरी किंवा आलाप असेल तर तेवढा वेळ पाय उघडे पडतात. तो भाग कापता येत असेल तर कापा. मध्येच ताल पूर्ण थांबणारं गाणं मी सरळ गाळते, कितीही आवडतं असलं तरी. ताल परत आला की पाय उलटे पडलेले असतात आणि ते जुळवायला दहा-बारा सेकंद आणि बरंच लक्ष खर्च होतं.

थोडं कमी-जास्त असेल तर

आवडतं गाणं १५२ चं आहे आणि हवं १६०, अशा वेळी ते हातचं सोडायची गरज नाही. गाण्याची फाइल तुमच्याकडे असेल तर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते उघडा आणि `Effect` च्या यादीतून `Change Tempo` निवडा. तिथे मूळ बीपीएम आणि हवं असलेलं बीपीएम भरायच्या जागा असतात. १५२ आणि १६० भरलं की ते स्वतःच ५.२६ टक्के वाढवतं, आणि चार मिनिटांचं गाणं तीन मिनिटं ४८ सेकंदांचं होतं. गाण्याची पट्टी बदलत नाही, म्हणून आवाज चिरका होत नाही. शेजारच्या दुसऱ्या पर्यायात वेगाबरोबर पट्टीही बदलते, तो घेऊ नका.

पाच-सहा टक्क्यांपर्यंत बदल सहसा जाणवत नाही. दहा टक्क्यांच्या पुढे तबल्याचे बोल फाटल्यासारखे ऐकू येतात आणि गायकाचा श्वास धापा टाकल्यासारखा वाटतो. तेवढा फरक असेल तर दुसरं गाणं शोधा. वर्गणी भरून ऐकायच्या सेवांवरची गाणी अशी बदलता येत नाहीत, त्यासाठी स्वतःची फाइलच लागते.

ठेक्याने पावलं ठरतात, वेग ठरत नाही

नवख्यांची सर्वात मोठी चूक इथे होते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. ठेका बरोबर जुळला म्हणजे वेगही बरोबर आहे, असा आपला समज होतो. पण वेग म्हणजे पावलांची गती गुणिले पावलाची लांबी, आणि लांबीवर गाण्याचा काहीही ताबा नसतो.

बहिणीचाच हिशेब पाहा. ७ मिनिटं २० सेकंदांत एक किलोमीटर आणि मिनिटाला १६० पावलं, म्हणजे किलोमीटरला सुमारे ११७३ पावलं. एक पाऊल साधारण ८५ सेंटिमीटरचं. आता शर्यत सुटते, भोवती सगळे पळत असतात, आणि ती त्याच १६० च्या ठेक्यावर साडेसहा मिनिटांच्या वेगाने जाते. आता पावलं १०४० झाली आणि प्रत्येक पाऊल ९६ सेंटिमीटरचं झालं. ठेका अजिबात चुकलेला नाही, कानाला सगळं जुळलेलंच वाटतंय, फक्त प्रत्येक पाऊल ११ सेंटिमीटरने लांबलंय. उत्साहाच्या भरात हा फरक पायाला कळत नाही. तो कळतो सातव्या किलोमीटरला.

म्हणून मी एक गोष्ट आग्रहाने सांगते. पहिले दोन किलोमीटर गाणी लावूच नका. श्वास ऐका, पावलांचा आवाज ऐका. सोबतच्या माणसाशी एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येतंय का ते पाहा. येत नसेल तर वेग जास्त आहे. पावलं धपधप वाजत असतील आणि टाच शरीराच्या बरीच पुढे पडत असेल, तर पाऊल लांबलंय. हे सगळं गाण्याच्या आवाजात लपतं.

चढावर हीच गोष्ट उपयोगी पडते. चढ लागला की ठेका सोडू नका, पाऊल आखूड करा. वेग कमी होईल, होऊ द्या. उतारावर उलट मोह होतो, ठेका तोच ठेवून ढांगा टाकायचा. तिथेही पाऊल आखूडच ठेवलं तर गुडघ्यांना हादरे कमी बसतात.

कॅडन्स वाढवावा का

मोजल्यावर तुमचा आकडा १५० च्या खाली आला आणि टाच पुढे आपटत असेल, तर थोडा वाढवणं फायद्याचं आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी हौशी धावपटूंना ट्रेडमिलवर, वेग तोच ठेवून, पावलांची गती पाच आणि दहा टक्क्यांनी वाढवायला लावली. गुडघ्यावर आणि खुब्यावर येणारा भार त्याने कमी झाला. मात्र पावलं जलद झाली की पोटरी आणि टाचेमागच्या स्नायुबंधाला नवं काम पडतं. म्हणून एका वेळी पाच टक्क्यांहून जास्त वाढवू नका आणि शर्यतीला सहा आठवड्यांहून कमी वेळ उरला असेल तर या फंदात पडू नका. जो आहे त्याच कॅडन्सने पहिली शर्यत धावा.

वाढवायचं असेल तर सरावाच्या धावण्यात दहा मिनिटं नव्या गतीची तीन गाणी, मग दहा मिनिटं काहीच नाही, असं आलटून पालटून करा. शांततेच्या दहा मिनिटांच्या शेवटी पावलं मोजा. पाय जुन्या आकड्यावर परत गेले असतील तर ती गती अजून अंगात मुरलेली नाही आणि शर्यतीत ती फक्त गाण्याच्या जोरावर टिकणार नाही. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाचेमागे ताठरपणा जाणवला तर लगेच मागे या.

यादी कशी लावायची

बहिणीचे पहिले दोन किलोमीटर गाण्याविना. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे सहा किलोमीटर म्हणजे ४४ मिनिटं. चार मिनिटांचं एक गाणं धरलं तर अकरा गाणी लागतात. सगळी १५८ ते १६२ मध्ये, किंवा त्याच्या निम्मी. शेवटचे दोन किलोमीटर म्हणजे १४ मिनिटं ४० सेकंद, त्यासाठी १६४ ची चार गाणी. शेवटी चार ठोके वाढवणं म्हणजे अडीच टक्के. ऐकताना फार वाटत नाही, पण पाऊल तेवढंच लांब ठेवलं तर किलोमीटरमागे सुमारे दहा-अकरा सेकंद वाचतात.

पहिल्या खेपेला आम्ही ही पंधरा गाणी एकाच यादीत लावली होती. शर्यतीआधी तीन आठवडे रंगीत तालीम केली तेव्हा चूक सापडली. ती त्या दिवशी किलोमीटरला आठ मिनिटांनी धावत होती, त्यामुळे जलद गाणी दोन किलोमीटर बाकी असताना नव्हे, तर त्याच्या आधीच सुरू झाली आणि तिने शेवटचा किलोमीटर चालत पूर्ण केला. तेव्हा दोन वेगळ्या याद्या केल्या. आठ किलोमीटर होण्याआधी गाणी संपू नयेत म्हणून पहिलीत १६० ची तीन गाणी जास्त घातली. आठ किलोमीटरचा फलक दिसला की हाताने दुसरी यादी लावायची. यादी बदलायची का, हे तिने त्या क्षणी श्वास पाहून ठरवायचं. दम नसेल तर पहिलीच चालू ठेवायची.

गाण्यांचा क्रम ठरवताना मी एवढंच पाहते की सहाव्या-सातव्या किलोमीटरला सर्वात ओळखीची गाणी यावीत. तिथे लक्ष भरकटतं आणि शब्द येत असलेल्या गाण्यात ठेका शोधावा लागत नाही. संपूर्ण यादी शर्यतीआधी निदान दोनदा धावताना ऐकलेली असावी. नवं गाणं शर्यतीच्या दिवशी नको.

फोनवर गाणी उतरवून ठेवा, शफल बंद करा, यादी संपल्यावर आपोआप दुसरी गाणी लागण्याची सोय बंद करा आणि जाहिराती येत नाहीत याची खात्री करा. दोन गाण्यांमधली शांतता एक-दोन सेकंदांवर ठेवा, बहुतेक प्लेअरमध्ये क्रॉसफेडची सोय असते. फोन डू नॉट डिस्टर्बवर ठेवा. विमान मोडवर टाकू नका, रस्त्यात गरज पडली तर तो लागेल.

शर्यतीच्या दिवशी

सर्वात आधी स्पर्धेचे नियम वाचा. जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमांत स्पर्धेदरम्यान संगीताची उपकरणं वापरणं ही मदत धरली जाते. हौशी धावणाऱ्यांना बहुतेक आयोजक परवानगी देतात, पण बक्षिसाच्या क्रमांकात येणाऱ्याला हरकत घेतली जाऊ शकते. रस्ता वाहनांसाठी पूर्ण बंद नसेल तर काही ठिकाणी फक्त कान उघडा ठेवणारे, हाडातून आवाज पोचवणारे हेडफोन चालतात. माझं मत विचाराल तर नियम काहीही असो, तेच वापरा, किंवा एकाच कानात लावा. मागून येणाऱ्याची हाक आणि स्वयंसेवकांच्या सूचना ऐकू यायलाच हव्यात. आवाज इतकाच ठेवा की स्वतःचा श्वास ऐकू येईल.

पाण्याच्या टेबलापाशी ठेका विसरा. चालत पाणी प्या. पुन्हा धावायला लागताना घाईने मधूनच पाय जुळवू नका. गाणं ऐकत चार मात्रा मनात मोजा आणि समेवर उजवं पाऊल टाका. सरावात हे पाच-सहा वेळा करून पाहिलंत तर शर्यतीत विचार करावा लागत नाही.

एखादं गाणं त्या दिवशी जडच वाटलं, ठेक्यामागे पाय ओढावे लागले, तर पुढचं लावा. तेही तसंच वाटलं तर कानातून काढून खिशात ठेवा आणि किलोमीटरभर नुसतं धावा. बहिणीने नवव्या किलोमीटरला नेमकं हेच केलं, शेवटचं वळण घेताना पुन्हा कानात लावलं, आणि यादीतलं तिसरं गाणं संपायच्या आत तिने शेवटची रेषा ओलांडली. वेळ होती ७४ मिनिटं आणि काही सेकंद.